वेबसाइटवरचा ‘माझ्याविषयी’चा परिच्छेद : कृपया वाचून सांगा, यातलं काय ठेवू आणि काय काढू?

रेघोटी (सांगली)

मी सात वर्षं फ्रीलान्स डिझाइनचं काम करते आहे. आत्तापर्यंत सगळं काम ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवर आलं. आता स्वतःची छोटी वेबसाइट केली आहे. चार पानंच आहेत, पण ‘माझ्याविषयी’च्या पानावर तीन आठवडे अडकले आहे. तिथे एकच परिच्छेद हवा आहे : मी काय करते, कसं करते, कोणासाठी करते. सध्या असा आहे :

> नमस्कार! मी एक सर्जनशील व उत्साही ग्राफिक डिझायनर आहे. गेली सात वर्षं मी लोगो, ब्रँडिंग, पॅकेजिंग, सोशल मीडिया, लग्नपत्रिका, ब्रोशर आणि वेबसाइट डिझाइन अशा सर्व प्रकारच्या सेवा देते. माझी शैली मिनिमल, आधुनिक आणि तरीही आपल्या मातीशी नाळ जोडणारी आहे. प्रत्येक ब्रँडची एक गोष्ट असते, ती जगापर्यंत पोहोचवणं हे माझं ध्येय आहे. लहान व्यवसायांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सर्वांसोबत काम करायला मला आवडतं.

वाचायला बरा वाटतो, पण उपयोग होत नाही असं दिसतंय. गेल्या चार महिन्यांत चौदा जणांनी विचारणा केली. त्यातली नऊ माणसं ‘लोगो किती रुपयांत’ एवढंच विचारून गेली. तीन लग्नपत्रिकांची होती, आणि ते काम मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं. ज्या कामात मला खरंच गती आहे ते मसाला, चटणी, लोणचं यांची लेबलं आणि पाकिटं. त्यासाठी फक्त दोघांनी विचारलं, आणि ते दोघंही जुन्या ग्राहकांच्या ओळखीतले. म्हणजे वेबसाइट वाचून एकही नाही.

नेटकर

ताई, परिच्छेद चांगला आहे, अडचण शोधाची आहे. लोक ‘सांगली लोगो डिझायनर’, ‘मसाला पॅकेट डिझाइन’ असं शोधतात. हे सगळे शब्द परिच्छेदात चार-पाच वेळा आले पाहिजेत. शिवाय पानाच्या कोडमध्ये कीवर्डचा मेटा टॅग असतो, त्यात तीस-चाळीस शब्द घालून ठेवा. गूगल तिथून उचलतं.

घरकुल (नाशिक)

मीही याच विवंचनेत आहे. मी इंटिरिअरची कामं घेते. शिक्षण, अनुभव, पुरस्कार हे आधी लिहावं की नंतर? माझा बायोडेटा दोन पानांचा आहे, तो कसा कमी करायचा तेही कोणी सांगा.

अक्षरवेडा (पुणे)

घरकुल, तुमचा प्रश्न बायोडेटाचा आहे, इथला जरा वेगळा आहे. बायोडेटा वाचणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं की तुम्हाला तपासायचं आहे. वेबसाइटवरचा हा परिच्छेद वाचणाऱ्याला अजून हेच कळलेलं नसतं, की आपण योग्य दारात आलो का. त्यामुळे पदवी आणि पुरस्कार खाली वेगळ्या ओळीत गेले तरी चालतात.

नेटकर, कीवर्डच्या मेटा टॅगचं सोडून द्या. क्रमवारीसाठी आम्ही तो टॅग वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलं आहे. लोक जे शब्द शोधतात ते परिच्छेदात असावेत, हे तुमचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे. पण ते एकदाच, वाक्यात बसतील असे. ‘मसाल्याची लेबलं’ हे एकदा नीट लिहिलं की पुरे.

रेघोटी, आता तुमच्याकडे येतो. मी वीस वर्षं एजन्सीत होतो आणि असे पुष्कळ परिच्छेद लिहिले. तुमच्या परिच्छेदातलं प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरं असेल. पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याविषयी एकच माहिती मिळते : सात वर्षं. बाकी ‘सर्जनशील’, ‘मिनिमल’, ‘मातीशी नाळ’ ही विशेषणं आहेत आणि डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. ‘सर्व प्रकारच्या सेवा’ आणि ‘सर्वांसोबत’ या दोन ठिकाणी तर परिच्छेदाचं मुख्य कामच हातातून निसटलं आहे. सात सेवांच्या यादीत लोगो पहिला आणि लग्नपत्रिका मध्ये. मग विचारणा कशाची येणार? तुमच्या नऊ अधिक तीन विचारणा त्या यादीनेच आणल्या आहेत.

एक करून पाहा. तुम्हाला अभिमान वाटतो अशी सहा-सात लेबलं प्रत्यक्ष जमिनीवर मांडा, स्क्रीनवर नको. उभ्याने बघा आणि सगळ्यांत सारखं काय आहे ते लिहा. फक्त डोळ्याला दिसणारं लिहायचं. ‘उबदार’, ‘अस्सल’ हे डोळ्याला दिसत नाही. तीच तुमची शैली, ती शोधायला शब्दकोश लागत नाही.

सुगरण (तासगाव)

मी डिझायनर नाही, पण बोलू का? आमचा बारा बायकांचा बचत गट आहे. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, उपवासाची भाजणी करतो. लेबलासाठी गेल्या वर्षी आम्ही अशा बऱ्याच वेबसाइटी पाहिल्या. ‘ब्रँड’ हा शब्द आला की आम्ही परत फिरायचो. वाटायचं, हे मोठ्या लोकांचं. आपण महिन्याला चारशे पाकिटं भरणारी माणसं, यांना फोन केला तर हसतील. शेवटी स्टॅंडावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलं. ते लेबल दोन महिन्यांत तेलाने पिवळं पडलं आणि त्यावरची तारीख पुसली जाते.

तुमचं वाचून मला कळलं नाही की तुम्ही आमच्यासारख्यांचं काम घेता की नाही. ‘लहान व्यवसायांपासून’ लिहिलंय, पण लहान म्हणजे किती लहान? गावात ज्याची दोन दुकानं आहेत तोही स्वतःला लहानच म्हणतो.

रेघोटी (सांगली)

सुगरणताई, अगदी बोला. खरं तर मला तुमचंच मत हवं होतं. माझ्या सगळ्यांत चांगल्या ग्राहक तुमच्यासारख्याच आहेत आणि मी त्यांनाच दारातून परत पाठवत होते, हे वाचून फार वाईट वाटलं.

अक्षरवेडा, सांगितल्याप्रमाणे सात लेबलं काढून सतरंजीवर मांडली. हे दिसलं : सातही लेबलांवर पदार्थाचं नाव देवनागरीत आणि हाताने काढलेलं आहे, कुठेही तयार फॉन्ट नाही. ते नाव लेबलाचा वरचा एक तृतीयांश भाग व्यापतं. सहांत दोन किंवा तीनच रंग आहेत. त्या सहांत कुठेही पदार्थाचा फोटो नाही. त्याऐवजी एका घटकाचं रेषांचं चित्र आहे, लसणाची कुडी, मिरचीचा देठ, कैरीची फोड असं. सातवं लेबल वेगळं निघालं, ते ग्राहकाच्या आग्रहाने फोटो घालून केलं होतं. खरं सांगायचं तर ते मला कधीच आवडलं नाही.

मी या सगळ्याला ‘मिनिमल’ म्हणत होते. आता वाटतं तो शब्दच चुकीचा होता, कारण अक्षरं तर चांगली जाड आणि मोठी आहेत.

त्यावरून दुसरा खर्डा केला :

> मी मसाले, चटण्या, लोणची अशा खाद्यपदार्थांची लेबलं आणि पाकिटं डिझाइन करते. पदार्थाचं नाव देवनागरीत हाताने काढते, सोबत घटकाचं रेखाचित्र आणि दोन-तीनच रंग, त्यामुळे छपाई स्वस्तात होते. लेबलं एफएसएसएआय-मान्य असतात. बचत गट आणि घरगुती उद्योग यांच्यासाठी.

छापखाना (मिरज)

खर्डा वाचला. पहिली दोन वाक्यं ऐकून माणूस उभा राहील. पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की उद्या तुमच्याच अंगावर येतील.

पहिली, रंगाची. दोन रंग म्हणजे स्वस्त, हे कुठे खरं ते बघा. पाकिटावरच थेट छपाई असेल, मोठ्या रोलवर ग्रॅव्युअरने, तर दर रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो. तिथे दोन रंग कमी झाले की खर्च खरोखर खाली येतो. स्क्रीन प्रिंटिंगलाही तसंच, दर रंगाला वेगळी स्क्रीन. पण तुमचे बचत गट ग्रॅव्युअर करत नाहीत, ते परवडतच नाही. ते साधी उभी पाकिटं विकत आणतात आणि वर स्टिकर लावतात. तो स्टिकर पाचशे-हजाराच्या संख्येत डिजिटल मशिनवर निघतो. तिथे दोन रंग असोत की बावीस, भाव एकच. म्हणजे ज्या ग्राहकाला तुम्ही स्वस्त सांगताय त्यालाच ते लागू नाही. तो माझ्याकडे येऊन म्हणेल, ‘ताई म्हणाल्या दोन रंगांचं स्वस्त पडतं’, आणि मी काय उत्तर देऊ?

दुसरी, ‘एफएसएसएआय-मान्य’. हे लगेच काढा. एफएसएसएआय ही अन्नसुरक्षेची सरकारी संस्था, ती परवाना किंवा नोंदणी देते ती पदार्थ बनवणाऱ्याला. डिझायनरच्या लेबलावर ती ‘मान्य’ म्हणून शिक्का मारून देत नाही. लेबलावर काय छापलं याची जबाबदारी माल विकणाऱ्याची राहते. तुम्ही मान्यता लिहिलीत आणि वजनाची नोंद चुकली, तर तो तुमच्याकडे बोट दाखवणार.

रेघोटी (सांगली)

दादा, खूप आभार. रंगांचं मी एका मोठ्या ग्राहकाच्या अनुभवावरून सगळ्यांना लावून टाकलं. त्यांचं पाकीट ग्रॅव्युअरचं होतं. ते वाक्य काढते.

एफएसएसएआयचं मात्र पूर्ण काढायला मन होत नाही, कारण माझा अर्धा वेळ तिथेच जातो. ग्राहक नाव आणि चित्र पाहून खूश होतात आणि मग आठवतं की परवाना क्रमांकाला जागाच नाही. १४ आकडी क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, घटकांची यादी, निव्वळ वजन, किंमत, बॅच, तारीख, पत्ता, तक्रारीसाठीचा फोन. सत्तर बाय शंभर मिलिमीटरच्या लेबलावर एवढं बसवायचं असतं. हे मी सुरुवातीलाच मोजून घेते आणि उरलेल्या जागेत नाव काढते. हे माझं वेगळेपण आहे असं मला मनापासून वाटतं.

छापखाना (मिरज)

मग तेच लिहा की. ‘लागणाऱ्या नोंदींची जागा आधी धरते’ हे खरं आहे आणि तुमच्या हातातलं आहे. मान्यता तुमच्या हातातली नाही.

अजून एक लक्षात ठेवा, परिच्छेदात नको पण ग्राहकाशी बोलताना हवं. पूर्ण लेबल मराठीत मागणारे पुष्कळ येतात. एफएसएसएआयच्या लेबलिंगच्या नियमांत सक्तीच्या नोंदी इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असाव्या लागतात, दुसरी भाषा सोबत चालते. नुसत्या मराठीवर भागत नाही. त्यामुळे ‘मी संपूर्ण मराठी लेबलं करते’ असं वाक्य सुचलं तरी लिहू नका.

आणि सुगरणताईंची तारीख का पुसते ते सांगतो. चकचकीत लॅमिनेशनवर शिक्क्याची शाई धरत नाही, बोट लागलं की गेली. बॅच-तारखेचा चौकोन बिनलॅमिनेशनचा ठेवायचा, नाहीतर लेबल मॅट घ्यायचं. चांगला डिझायनर तो कोरा चौकोन आधीच सोडतो.

सुगरण (तासगाव)

अहो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कांचनवहिनी दर पाकिटावर मार्करने तारीख परत लिहितात.

निशिगंध (ठाणे)

मी लेखनाच्या बाजूने बोलते. ‘मी’ लिहावं की ‘आम्ही’? फ्रीलान्सर बरेचदा ‘आमचा स्टुडिओ’ लिहितात म्हणजे मोठं वाटतं. किंवा तिसऱ्या पुरुषात, ‘त्या गेली सात वर्षं कार्यरत आहेत’. रेघोटी, तुम्ही ‘मी’ ठेवलंय ते मला आवडलं. फोन उचलणारी, अक्षर काढणारी आणि बिल पाठवणारी एकच व्यक्ती असेल तर ‘आम्ही’ लिहिल्यावर ग्राहक विचारतो, ‘तुमच्याकडे किती माणसं आहेत?’ आणि मग अवघडायला होतं.

पण शेवटचं वाक्य अर्धवट आहे. ‘यांच्यासाठी’ म्हणून थांबलाय. कोणत्या टप्प्यावरच्या उद्योगासाठी, ते यायला हवं. आणि मला वाटतं, काय करत नाही तेही एका वाक्यात हवं : ‘लग्नपत्रिका आणि नुसते लोगो करत नाही.’ तुमच्या बारा विचारणा तिथेच थांबतील.

अक्षरवेडा (पुणे)

निशिगंध, शेवटच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. पाच वाक्यांच्या परिच्छेदात एक नकार फार मोठा दिसतो. ज्याला चटणीचं लेबल हवंय त्यालाही तो वाचावा लागतो, आणि या बाई कडक दिसतात असं त्याच्या मनात बसतं. पहिल्या वाक्यात ‘खाद्यपदार्थांची लेबलं’ एवढं स्पष्ट आलं की लग्नपत्रिकेवाला आपोआप निघून जातो.

टप्प्याबद्दल मात्र पूर्ण सहमत. आणि टप्पा सांगायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे संख्या. सुगरणताईंनी विचारलंच आहे, लहान म्हणजे किती लहान. रेघोटी, तुमचे ग्राहक एका वेळी किती लेबलं छापतात?

रेघोटी (सांगली)

सगळ्यांत कमी दोनशे. सगळ्यांत जास्त पाच हजार. बहुतेक जणी पहिल्यांदाच दुकानात माल ठेवणाऱ्या असतात. त्याआधी ओळखीत, प्रदर्शनात, डब्यात विकत होत्या. दुकानदार म्हणतो लेबल नीट करून आणा, आणि मग त्या मला शोधतात.

अक्षरवेडा (पुणे)

हे तुमचं शेवटचं वाक्य परिच्छेदात घ्या. ‘दुकानदार म्हणतो लेबल नीट करून आणा’ हा तो क्षण आहे, ज्या क्षणी माणूस तुमच्या पानावर येतो. आदर्श ग्राहक म्हणजे वय, उत्पन्न, शहर यांची यादी नसते. त्या माणसाला आत्ता काय अडलंय, एवढं त्याला त्या ओळीत सापडलं पाहिजे.

आता एक वेगळी गोष्ट, थोडी नाजूक आहे. तुमची वेबसाइट उघडून पाहिली. तुम्ही म्हणता देवनागरी अक्षर हे माझं काम, आणि त्याच पानावर परिच्छेदातला ‘ल’ हिंदी वळणाचा दिसतोय. आपला दोन पाकळ्यांचा ल नाही. ‘श’चंही तेच. ‘लेबलं’, ‘शैली’, ‘सांगली’, सगळीकडे. सामान्य वाचकाला जाणवणार नाही, पण ज्याला अक्षर कळतं तो पहिल्या ओळीतच थबकेल. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी या दोन अक्षरांची रूपं ठरवून दिली आहेत, इतका तो मुद्दा जुना आहे.

रेघोटी (सांगली)

अरे देवा. मी लेबलांवर ल काढताना पाकळ्यांच्या वजनावरून तासन्‌तास घालवते आणि स्वतःच्या पानावर पाहिलंच नाही. हे कशामुळे होतं?

अक्षरवेडा (पुणे)

बहुतेक तयार टेम्प्लेटमुळे. युनिकोडमध्ये हिंदी ल आणि मराठी ल यांचा संकेतांक एकच आहे, रूप फॉन्ट ठरवतो. बऱ्याच फॉन्टांत हिंदी रूप आधी येतं आणि मराठी रूप आत दडलेलं असतं. पानाची भाषा मराठी आहे असं ब्राउझरला कळलं तरच ते बाहेर येतं. टेम्प्लेटमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असते. पानाच्या कोडमध्ये वरच एवढं बदला :

```html
<html lang="mr">
```

मात्र फॉन्टात मराठी रूपं मुळात असतील तरच हे चालेल. नसतील तर फॉन्ट बदलावा लागेल. ल बदलला की नाही हे फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे बघा, कधी एकीकडे बदलतो आणि दुसरीकडे नाही.

नेटकर

मेटा कीवर्डचं मान्य, मी जुन्या कोर्समध्ये शिकलो होतो. पण मेटा डिस्क्रिप्शन तरी लिहा ना. गूगलच्या निकालात नावाखाली दोन ओळी येतात त्या तिथून घेतात.

अक्षरवेडा (पुणे)

हो, ते लिहायलाच हवं. नेहमी तेच दाखवतील याची खात्री नाही, गूगल कधी कधी पानातलं दुसरंच वाक्य उचलतं. म्हणूनच परिच्छेदाचं पहिलं वाक्य एकटं उभं राहील असं हवं. ‘नमस्कार! मी एक सर्जनशील’ एवढं तिथे दिसलं तर कोण आत येईल? डिस्क्रिप्शनसाठी वेगळं काही रचू नका, पहिलं वाक्य आणि गाव पुरे :

```html
<meta name="description" content="मसाले, चटण्या, लोणची यांची लेबलं आणि पाकिटं. हाताने काढलेली देवनागरी नावं. सांगली.">
```

छापखाना (मिरज)

फाइलचं काय? ग्राहक तुमच्याकडून फाइल घेऊन छापखान्यात येतो, तिथे खरी पंचाईत होते. आमच्याकडे डिझाइनसाठी अजून जुनं कोरल सॉफ्टवेअर चालतं. युनिकोड मराठी त्यात उघडली की जोडाक्षरं फुटतात, रफार पुढच्या अक्षरावर जातो, वेलांटी सुटी पडते. एकदा ‘कुर्डई’चा रफार सरकलेला कोणाच्या लक्षात आलं नाही आणि हजार लेबलं रद्दीत गेली. म्हणून मी प्रत्येकाला म्हणतो, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून आणा आणि कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा छपाई सोडा.

रेघोटी (सांगली)

मी कर्व्ह केलेली पीडीएफच देते, ब्लीडसकट. नाव हाताने काढलेलं असल्याने ते तसंही आकृतीच असतं, पण खालचा मजकूरही कर्व्ह करते. तोटा एकच, नंतर पत्ता बदलला तर ग्राहकाला स्वतःला बदलता येत नाही, माझ्याकडे यावं लागतं. म्हणून मूळ फाइलही सोबत देते.

दोन दिवस सगळं पुन्हा लिहिलं. मोठ्याने वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘व्हेक्टर’ काढ, मला नाही कळलं. काढलं. हा तिसरा :

> मी मसाले, चटण्या, लोणची, पापड अशा खाद्यपदार्थांची लेबलं आणि पाकिटं डिझाइन करते. पदार्थाचं नाव देवनागरीत हाताने काढते, मोठं आणि लांबून वाचता येईल असं. सोबत लसूण, मिरची, कैरी अशा एखाद्या घटकाचं रेखाचित्र असतं, फोटो नसतो. परवाना क्रमांक, वजन, तारीख अशा लागणाऱ्या नोंदींची जागा मी आधी धरते आणि छापखान्यात थेट देता येईल अशी फाइल देते. ‘लेबल नीट करून आणा’ असं दुकानदाराने सांगितलेले बचत गट आणि घरगुती उद्योग माझ्याकडे येतात. एका वेळी दोनशे लेबलं लागत असली तरी काम घेते. सांगलीत राहते, बाहेरगावचं काम फोनवर ठरतं आणि छपाईआधी कागदावरचा नमुना कुरिअरने पाठवते.

ल आणि श दोन्ही बदलले. संगणकावर लगेच दिसले, फोनवर मात्र फॉन्ट बदलावा लागला.

सुगरण (तासगाव)

हे वाचून मी फोन केला असता. ‘दोनशे लेबलं लागत असली तरी’ इथे मी थांबले आणि परत वाचलं. ‘फोटो नसतो’ हेही बरं केलंत, आमच्यातल्या दोघींना पाकिटावर चटणीच्या वाटीचा फोटोच हवा असतो, त्यांना आधीच कळेल.

एकच विचारायचं, पैसे? किती हे लिहायला नको का? आम्हाला फोन करायला भीती वाटते ती त्याचीच.

निशिगंध (ठाणे)

सुगरणताईंशी सहमत. निदान ‘इतक्यापासून पुढे’ असं लिहा. लोगो किती रुपयांत विचारणारे नऊ जणही त्याने कमी होतील.

अक्षरवेडा (पुणे)

या परिच्छेदात नको असं मला वाटतं. भाव दरवर्षी बदलतो, आणि भाव वाचल्यावर माणूस शैलीचं वाक्य विसरतो. खाली ‘कामाची पद्धत’ म्हणून वेगळी ओळ करा, तिथे एका लेबलाचा सुरुवातीचा आकडा, किती दुरुस्त्या धरलेल्या आहेत आणि आगाऊ किती ते लिहा. पण सुगरणताई ग्राहक आहेत आणि मी नाही, तेव्हा त्यांचं वजन जास्त धरा.

परिच्छेदात मला अजून एक जागा खटकते. ‘मोठं आणि लांबून वाचता येईल असं’. किती लांबून?

रेघोटी (सांगली)

मी लेबल छापून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवते आणि दारातून वाचते. आठ फूट असेल. किराणा दुकानात काउंटरपासून मागची फळी साधारण तेवढीच लांब असते, आणि आपल्याकडे अजून बरेच जण काउंटरवरूनच बोट दाखवून माल मागतात. तर ‘काउंटरवरून वाचता येईल असं’ लिहिते.

भावाचं असं करते, परिच्छेदात नाही, पण लगेच खालच्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात. बारीक अक्षरात लपवणार नाही.

घरकुल (नाशिक)

मी पण माझ्या कामाचे फोटो जमिनीवर मांडले. सगळ्या स्वयंपाकघरांत ओटा खिडकीखाली आहे आणि वरची कपाटं नाहीत, उघड्या फळ्या आहेत. मला हे कधी लक्षातच आलं नव्हतं. पण इंटिरिअरमध्ये ग्राहकाला कपाटं हवीच असतात, ‘वरची कपाटं करत नाही’ असं लिहिलं तर काम मिळेल का?

अक्षरवेडा (पुणे)

‘करत नाही’ नका लिहू, ‘उघड्या फळ्या आणि खिडकीखालचा ओटा’ असं लिहा. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

नेटकर

रेघोटीताई, इंग्रजी पान करणार का? पुण्या-मुंबईची दुकानं आणि बाहेर माल पाठवणारे इंग्रजीतच शोधतात.

रेघोटी (सांगली)

तिथेच मन ठरत नाही. माझ्या दोनशे लेबलांच्या ग्राहकांना इंग्रजी नको, आणि मोठ्या दुकानांत माल ठेवणाऱ्यांना मराठी पान पाहून वाटतं की या फक्त गावातलं काम करतात. दोन्ही एकाच परिच्छेदात बसत नाहीत. इंग्रजी पान केलं तरी त्यात दोनशेचं वाक्य चालणार नाही, तिथे बहुधा ग्रॅव्युअरचं पाकीट आणि रंगांचं वाक्य येईल, छापखानादादांनी काढायला लावलं ते.

छापखाना (मिरज)

तिथे ते बरोबर बसेल. पण ‘स्वस्त’ नका म्हणू, ‘कमी सिलिंडर’ म्हणा. पाकीट बनवणाऱ्याला तेवढ्यात कळतं.

निशिगंध (ठाणे)

‘सांगलीत राहते’ हे शेवटी आहे ते मला अजून पटत नाही. पहिल्या वाक्यात ‘सांगलीहून’ घातलं तर जवळच्यांना लगेच कळेल.

रेघोटी (सांगली)

पहिल्या वाक्यात घातलं तर कोकणातले आणि विदर्भातले लगेच जातील असं वाटतं. सध्या शेवटीच ठेवते. आज रात्री पान बदलते आणि दिवाळीपर्यंत तसंच ठेवते, फराळाच्या लेबलांची विचारणा तेव्हाच येते. सुगरणताई, तुमचं पिवळं पडलेलं लेबल एकदा फोटो काढून इथेच टाकाल का? कागद कोणता आहे ते छापखानादादा सांगतील.

सुगरण (तासगाव)

टाकते. कांचनवहिनींकडे पाकिटं आहेत, संध्याकाळी जाते.